धागा तुटला तर: थेट बोलताना सावरणारी वाक्यं



रेडिओवर थेट बोलताना मधेच कुठवर आलो ते सापडेनासं होतं, तेव्हा काय करायचं, याबद्दल आज बोलणार आहोत. हा विषय आम्ही निवडला तो आमच्याकडून झालेल्या एका चुकीमुळे. तीच आधी सांगतो.

आमच्या गटातल्या एका ताईंचं अंतर्गत कर्जाच्या व्याजावर दहा मिनिटांचं बोलणं होतं. उदाहरण साधंच घेतलं होतं. एका बाईनं गटातून ५,००० रुपये कर्ज घेतलं, दरमहा शेकडा २ रुपये व्याजानं, दहा महिन्यांसाठी. दर महिन्याला ५०० रुपये मुद्दल फेडायचं. पहिल्या महिन्याचं व्याज १०० रुपये. दुसऱ्या महिन्यात मुद्दल उरलं ४,५००, म्हणून व्याज ९०. तिसऱ्या महिन्यात ८०. म्हणजे उरलेल्या मुद्दलावर व्याज.

ताईंनी सगळं लिहून आणलं होतं आणि कागद टाचणीनं एकत्र लावले होते. तिसरं पान संपलं ते "पहिल्या महिन्याचं व्याज झालं शंभर रुपये" या वाक्यावर. पान उलटताना दोन पानं एकदम उलटली. समोर आलं पाचवं पान. त्याची पहिली ओळ होती, "हे पैसे दर महिन्याला बैठकीतच भरायचे, पुढं ढकलायचे नाहीत." ताईंनी ती वाचली आणि लगेच लक्षात आलं की काहीतरी राहिलं. त्या थांबल्या. कागद चाळण्याचा आवाज माईकमधून सगळीकडे गेला. मग "माफ करा, माफ करा, हां तर" असं म्हणून त्यांनी पाचव्या पानावरून पुढं वाचलं. चौथं पान, म्हणजे कमी होणारं व्याज, राहूनच गेलं.

ऐकणाऱ्यांना काय ऐकू आलं? व्याज शंभर रुपये, आणि ते दर महिन्याला भरायचं. शेजारच्या वाडीतल्या एका नव्या गटानं तसंच केलं. एका वहिनींकडून दुसऱ्या आणि तिसऱ्या महिन्यातही शंभर शंभर घेतले. कर्ज रजिस्टर तपासताना ते आमच्या ध्यानात आलं. तोवर ३० रुपये जास्त गेले होते. ते परत दिले. दहाही महिने तसंच चाललं असतं, तर ५५० रुपये व्याजाच्या जागी १,००० रुपये गेले असते. वहिनी काही बोलल्या नाहीत, पण पुढच्या बैठकीत त्यांनी स्वतःचं पासबुक दोनदा मोजून घेतलं. ते आम्हाला जास्त लागलं.

तेव्हा आम्ही ठरवलं की धागा तुटणारच असं धरून चालायचं. पान दोनदा उलटतं, बाहेर ट्रॅक्टर जातो, निवेदिका खूण करते आणि नजर कागदावरून हलते. तुटलेला धागा कुठं धरायचा हे आधीच कागदावर लिहून ठेवायचं. त्या ओळीला आम्ही सावरवाक्य म्हणतो.

सावरवाक्य कसं असतं? "हं, तर मी काय सांगत होते" हे सावरवाक्य नव्हे. त्यातून ऐकणाऱ्याला काही मिळत नाही आणि बोलणारीलाही नाही. "मघाशी सांगितल्याप्रमाणे" हेही नव्हे, कारण मघाशी काय सांगितलं तेच तर आठवत नसतं. खरं सावरवाक्य दोन तुकड्यांचं असतं. पहिल्या तुकड्यात झालेल्या भागाचं सार, दुसऱ्या तुकड्यात पुढच्या भागाचं नाव. ते इतकं पाठ असावं की तोंड ते बोलत असताना डोळे कागदावर जागा शोधायला मोकळे राहतील. असं वाक्य बोलायला चार-पाच सेकंद लागतात, आणि कागद नीट मांडलेला असेल तर जागा सापडायला तेवढा वेळ पुरतो.

त्याच ताईंचं बोलणं आम्ही पुन्हा लिहिलं, ते कसं ते बघा. आधी त्याचे पाच भाग केले: कर्ज किती, पहिला हप्ता, दुसरा महिना, चुकलेला हप्ता, वहीतली नोंद. प्रत्येक भागाला नवं पान, मजकूर पानाच्या एकाच बाजूला. टाचणी काढून टाकली. वरच्या कोपऱ्यात मोठा आकडा, आणि प्रत्येक पान पूर्ण वाक्यावर संपेल असं लिहिलं. मग पहिल्या चार पानांच्या शेवटी लाल पेनानं चौकट करून त्यात सावरवाक्य लिहिलं.

पहिल्या पानाखाली: "तर कर्ज ठरलं पाच हजारांचं, दहा महिन्यांसाठी. आता पहिला हप्ता."

दुसऱ्या पानाखाली: "पहिल्या महिन्यात भरले सहाशे, पाचशे मुद्दल आणि शंभर व्याज. आता दुसरा महिना."

तिसऱ्या पानाखाली: "मुद्दल उतरलं की व्याजही उतरलं. आता चुकलेला हप्ता."

चौथ्या पानाखाली: "हप्ता चुकला तर बैठकीत सांगायचं, लपवायचं नाही. आता वहीतली नोंद."

प्रत्येक वाक्याचा शेवट आणि पुढच्या पानाचं शीर्षक सारखंच ठेवलं आहे. तोंडात "दुसरा महिना" आला की डोळे "दुसरा महिना" हेच शब्द शोधतात. आणि समोर "चुकलेला हप्ता" लिहिलेलं दिसलं तर तिथल्या तिथं कळतं, पान चुकलं. त्या दिवशी ही कडी असती, तर ताईंनी पाचव्या पानाची ओळ वाचलीच नसती.

ही वाक्यं फक्त अडचणीच्या वेळी काढायची नाहीत. ती दर वेळी वाचायचीच. धागा तुटला नसला तरी ऐकणाऱ्या मावशीला त्यांचा उपयोग असतो. ती चुलीपाशी असते, मधेच कुणी हाक मारतं, तिचाही धागा तुटतोच. रोज वाचलेली म्हणून ती जिभेवर बसतात. आणि खरोखर अडलात तर ऐकणाऱ्याला वेगळं काही वाटत नाही.

एखाद्या भागाच्या अगदी मधेच धागा तुटला तर? तिथं आमचा एकच नियम आहे. मागं जायचं, पुढं उडी मारायची नाही. जो भाग नक्की सांगून झाला आहे त्याचं सावरवाक्य पुन्हा म्हणायचं आणि तिथून पुढचा भाग सुरुवातीपासून घ्यायचा. दोन-चार ओळी पुन्हा ऐकल्यानं कुणाचं नुकसान होत नाही. राहून गेलेल्या चार ओळींनी काय होतं ते वहिनींच्या पासबुकात आपण पाहिलं.

आकड्यांना मात्र सावरवाक्य चालत नाही. आकडा आठवेना तर अंदाजे सांगायचा नाही. सरळ म्हणायचं, "थांबा, आकडा वहीत बघून सांगते." एवढं बोलून गप्प बसून बघायचं. कशासाठी थांबलो हे सांगितलेलं असलं की ती शांतता ऐकणाऱ्याला खटकत नाही. म्हणून सगळे आकडे आम्ही डाव्या समासात पुन्हा एकदा, एकाखाली एक लिहून ठेवतो.

चुकीचा आकडा तोंडून गेलाच, तर माफीची लांबण लावू नका. "शंभर म्हटलं ते चुकलं, दुसऱ्या महिन्याचं व्याज नव्वद." चूक आणि बरोबर दोन्ही एकाच दमात. नुसतं "माफ करा" म्हटलं तर काय चुकलं हे ऐकणाऱ्याला कळतच नाही.

एकच सावरवाक्य लागोपाठ तिसऱ्यांदा म्हणायची वेळ आली, तर ते तुम्हाला सावरत नाही असं समजा. त्यासाठी दोन सोयी ठेवायच्या. पहिली सोय निवेदिकेची. आपल्या कागदांची एक प्रत तिच्यासमोर असू द्या आणि आधी ठरवून घ्या की आपण तळहात टेबलावर पालथा ठेवला, तर तिनं पुढच्या पानाचं शीर्षक प्रश्न म्हणून विचारायचं. "ताई, मग दुसऱ्या महिन्यात किती भरायचे?" ऐकणाऱ्याला ती गप्पा वाटतात. दुसरी सोय शेवटच्या वाक्याची. वेगळ्या कागदावर मोठ्या अक्षरात एक वाक्य लिहून ते माईकच्या शेजारी ठेवायचं. आमचं होतं, "बाकी विसरलात तरी एवढं धरा, व्याज उरलेल्या मुद्दलावर." सगळंच विस्कटलं तर हे म्हणून थांबायचं. बोलणं अर्धं राहील, पण ऐकणारीच्या हाती चुकीचं काही जाणार नाही.

वाक्यं लिहून झाली की पारखून घ्यायची. आमच्या बैठकीत एक जण वाचते आणि दुसरी मधेच कुठंही "थांब" म्हणते आणि तिच्या हातातले कागद खालीवर करते. वाचणारीनं कागदाकडे न बघता सावरवाक्य सुरू करायचं आणि ते संपायच्या आत योग्य पान हाती घ्यायचं. जे वाक्य एका दमात संपत नाही किंवा ज्यावर जीभ दोनदा अडखळते, ते तोडून लहान करायचं. आमचं तिसरं वाक्य आधी असं होतं, "अशा प्रकारे मुद्दलाच्या घटत्या शिल्लकेनुसार व्याजाची रक्कमही क्रमशः कमी होत जाते." तीन वेळा सगळ्याजणी त्यावर अडल्या. "मुद्दल उतरलं की व्याजही उतरलं" हे आमच्या एका मावशींनी चहा पिताना म्हटलं, तेच घेतलं.

ज्यांना वाचायची सवय नाही त्या मैत्रिणींनी पाच भाग पाच बोटांवर ठेवावेत. भाग संपला की बोट मिटायचं आणि सावरवाक्य म्हणायचं. धागा तुटला तर मिटलेली बोटं सांगतात कुठवर आलो. बोट मिटायचं ते सावरवाक्य म्हणतानाच, आधी नाही, नाहीतर अर्धा भाग झालेला असतानाच तो पुरा झाला असं वाटतं.

वेळेचाही हिशोब ठेवा. चार सावरवाक्यं आणि एक-दोनदा मागं जाणं, यात मिनिटभर जाऊ शकतं. म्हणून दहा मिनिटांच्या वेळेसाठी आम्ही नऊ मिनिटांचंच लिहितो. दहा मिनिटं गच्च भरून लिहिलं की घाई होते, आणि घाईतच पानं दोन-दोन उलटतात.

त्या ताईंनी पुढं तेच बोलणं पुन्हा केलं. तिसऱ्या पानावर स्टुडिओचं दार वाजलं आणि त्या अडल्या. "पहिल्या महिन्यात भरले सहाशे, पाचशे मुद्दल आणि शंभर व्याज. आता दुसरा महिना," असं म्हणून त्यांनी पान सुरुवातीपासून घेतलं. बाहेर बसून ऐकणाऱ्या आम्हाला कळलं, कारण वाक्य दुसऱ्यांदा आलं होतं. वाडीतल्या त्या गटाच्या कोषाध्यक्षांना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "या वेळी नव्वद दोनदा ऐकलं, म्हणून लगेच लिहून घेतलं."