खरी प्रत कोणाची?

चाकणसारख्या औद्योगिक पट्ट्यात, गिअरबॉक्सची हाउसिंग कापणाऱ्या मशीनवर हायड्रॉलिक फिक्श्चर असतं. जॉब त्यात ठेवला की तेलाचा दाब चढतो, क्लँप आवळले जातात, आणि दाब पुरेसा झाल्याची खबर एक छोटा प्रेशर सेन्सर पीएलसीला देतो. ती खबर आल्याशिवाय कटर पुढे सरकत नाही. समजा हा सेन्सर 0 ते 100 बार मोजणारा आहे आणि फिक्श्चर 60 बारवर चालतं. सेन्सरच्या मेनूत `SP1` म्हणजे 'दाब आला' म्हणण्याचा आकडा 55 बारला आणि `rP1` म्हणजे 'दाब गेला' म्हणण्याचा आकडा 50 बारला लावलेला आहे. दाबाच्या क्षणिक उसळीने फसू नये म्हणून `dS1` या नावाची 0.3 सेकंदांची ढीलही दिली आहे.

कूलंट कनेक्टरमध्ये शिरतं आणि एका रात्रपाळीत सेन्सर जातो. जुन्या पद्धतीच्या मशीनवर मेंटेनन्सचा माणूस स्टोअरमधून तोच मॉडेल नंबर आणतो, बसवतो आणि मग खरं काम सुरू होतं. तेलकट बोटांनी दोन बटणं दाबत मेनूत शिरायचं. आकडे पॅनलच्या दारावर चिकटवलेल्या कागदावर असले तर नशीब, नाहीतर दिवसपाळीच्या इंजिनिअरला झोपेतून उठवायचं. हे सगळं टाळून सेन्सर तसाच लावला तर मशीन चालू होतं, आणि धोका तिथेच आहे. नव्या सेन्सरचा कारखान्यातून आलेला आकडा समजा 25 बार असेल, तर क्लँप निम्माही आवळला नसताना तो 'दाब आला' म्हणेल. कटर टेकला की जॉब सरकेल. बंद पडलेल्या सेन्सरपेक्षा चुकीच्या आकड्यावर चालणारा सेन्सर महाग पडतो, असं मला वाटतं, कारण बंद पडलेला निदान मशीन थांबवतो.

आयओ-लिंक या पद्धतीने हे काम सेन्सरच्या पलीकडच्या टोकाला सोपवलं. वायरिंग जवळपास तेच राहतं: तीन तारा, 24 व्होल्ट, एम-12 कनेक्टर, वीस मीटरपर्यंतची साधी केबल, शील्डची गरज नाही. फरक इतकाच की केबल आता थेट पीएलसीच्या इनपुट कार्डात जात नाही, मशीनच्या अंगावर बसवलेल्या मास्टर नावाच्या डब्यात जाते. त्याला सहसा चार किंवा आठ पोर्ट असतात आणि एका पोर्टला एकच सेन्सर. मास्टर पुढे पीएलसीशी आपल्या नेटवर्कवरून बोलतो. 2013 मध्ये ही पद्धत आयईसी 61131-9 या आंतरराष्ट्रीय मानकात आली, त्यामुळे एका कंपनीचा सेन्सर दुसऱ्या कंपनीच्या मास्टरवर चालतो.

ज्या तारेवरून पूर्वी फक्त 'आहे' किंवा 'नाही' एवढंच कळायचं, त्याच तारेवरून आता सेन्सरची ओळख, मोजलेला दाब आणि आत लावलेले सगळे आकडे येतात-जातात. या आकड्यांना पॅरामीटर म्हणतात. मास्टर त्यांची एक प्रत स्वतःकडे ठेवतो. सेन्सर बदलला की ती प्रत नव्या सेन्सरमध्ये उतरवतो.

ऐकायला हे सोपं आहे, पण त्या काही क्षणांत काय घडतं ते पाहण्यासारखं आहे. आपल्या फिक्श्चरचा सेन्सर तीन नंबरच्या पोर्टवर आहे असं धरू. नवा सेन्सर जोडला की तो आधी साध्या स्विचसारखा उठतो. मास्टर सिग्नलच्या तारेवर सुमारे 80 मायक्रोसेकंदांचा, अर्ध्या अँपिअरचा एक धक्का देतो. हा धक्का म्हणजे बोलायला सुरुवात करण्याची खूण. मग ठरलेल्या तीन वेगांपैकी सर्वांत जलद वेगाने हाक मारून पाहतो, उत्तर आलं नाही तर त्याखालच्या वेगाने. उत्तर आलं की पहिला प्रश्न ओळखीचा: बनवणारी कंपनी कोणती, आणि उपकरण कोणतं? दोन्हींना क्रमांक असतात. पोर्टसाठी नोंदवलेल्या क्रमांकांशी ते जुळले तरच पुढची पायरी. रात्री घाईत कोणी 0 ते 400 बारचा सेन्सर आणला, तर एम-12 कनेक्टर त्यालाही तितकाच नीट बसेल. पण त्याचा उपकरण क्रमांक वेगळा असल्याने मास्टर त्याला नाकारतो आणि पोर्टवर चूक दाखवतो. कागदावरचे आकडे बघून बटणं दाबणाऱ्याच्या हातून ही चूक सहज निसटली असती.

ओळख पटली की मास्टर पॅरामीटरच्या बेरजेचा एक आकडा, म्हणजे चेकसम, सेन्सरकडून मागतो आणि आपल्या प्रतीशी ताडून बघतो. नव्या सेन्सरमध्ये कारखान्याचे आकडे असल्याने तो जुळत नाही. मग मास्टर सगळे पॅरामीटर एकेक करून लिहितो: 55, 50, 0.3 आणि बाकीचे. एका सेन्सरसाठी ही साठवण जास्तीत जास्त दोन किलोबाइट असू शकते. प्रेशर सेन्सरला त्यातलं थोडंच लागतं आणि काम लगेच उरकतं. महत्त्वाची गोष्ट अशी की हे सगळं सेन्सरने दाबाचा पहिला वैध आकडा पीएलसीला देण्याच्या आधी घडतं. त्यामुळे 25 बारवर 'दाब आला' म्हणण्याची संधी नव्या सेन्सरला मिळतच नाही.

आता अट. पोर्टला ओळख तपासायला सांगितलेलं असेल तरच मास्टर प्रत ठेवतो. मशीन उभं करताना वेळ वाचवण्यासाठी अनेकजण पोर्ट स्वयंचलित पद्धतीवर सोडतात: जो जोडाल तो चालेल. सेन्सर चालतो, दाब स्क्रीनवर दिसतो, सगळे खूश. पण कोण जोडलं आहे हे तपासायचंच नसेल, तर कोणासाठी प्रत ठेवायची? अशा पोर्टवर पहिला सेन्सर जाईपर्यंत कोणालाच पत्ता लागत नाही की मास्टरकडे काहीच साठवलेलं नाही. शिवाय या मानकाच्या 1.0 आवृत्तीतल्या सेन्सरना ही सोय नाही, ती 1.1 पासूनची आहे. मशीन ताब्यात घेतानाच याची परीक्षा करता येते: स्टोअरमधला कोरा सेन्सर लावायचा आणि `SP1` वाचायचा. 55 दिसला तर प्रत आहे.

यापुढचा भाग मात्र बऱ्याच अनुभवी लोकांनाही गोंधळात टाकतो. प्रती दोन आहेत, एक सेन्सरमध्ये आणि एक मास्टरमध्ये. दोन्ही वेगळ्या निघाल्या तर खरी कोणती? याचा निकाल एक छोटा फ्लॅग लावतो आणि तो सेन्सरच्या आत असतो. 'माझे आकडे मुद्दाम बदलले आहेत, वर घेऊन जा' असं सांगणारा हा फ्लॅग. तो लागलेला असेल तर मास्टर सेन्सरचे आकडे वाचून आपली प्रत नवी करतो आणि फ्लॅग उतरवतो. तो लागलेला नसेल तर मास्टरची प्रत खरी मानली जाते आणि सेन्सरवर लिहिली जाते. सेन्सरवरच्या बटणांनी आकडा बदलला की फ्लॅग आपोआप लागतो. संगणकावरून किंवा पीएलसीतून बदल केला, तर लिहिणाऱ्याने शेवटी 'साठव' अशी स्वतंत्र आज्ञा द्यावी लागते.

ती आज्ञा राहिली तर काय होतं? समजा प्रोसेस इंजिनिअरने शनिवारी पीएलसीच्या स्क्रीनवरून 55 चे 57 बार केले. सेन्सरने ते स्वीकारले, मशीन दिवसभर 57 वर चाललं. रविवारी वीज बंद. सोमवारी सकाळी वीज आली, मास्टरला चेकसम वेगळा दिसला, फ्लॅग नाही, म्हणून त्याने इमानदारीत 55 परत लिहिले. सेन्सर आकडे विसरतो अशी तक्रार येते, सेन्सर बदलला जातो, आणि पुढच्या सोमवारी पुन्हा तेच. प्रत्येक वीज-बंदीनंतर आकडा मागच्याच जागी येत असेल, तर सेन्सरला दोष देण्याआधी पीएलसीच्या प्रोग्रामात 'साठव'ची आज्ञा आहे का ते बघावं.

दुसरी चूक उलट्या दिशेची आणि जास्त त्रासाची. एखादा तत्पर मेंटेनन्सवाला स्पेअर सेन्सर वेळ असताना टेबलावर तयार करून ठेवतो. 24 व्होल्ट देतो, बटणांनी `SP1` 55 करतो, डबीत परत ठेवतो. `rP1` आणि `dS1` राहून जातात. पण बटणं दाबली गेली म्हणजे फ्लॅग लागला, आणि वीज काढली तरी तो तसाच राहतो. रात्री हाच सेन्सर पोर्टवर लागतो. मास्टर ओळख तपासतो, जुळते. फ्लॅग दिसतो. तो या अर्धवट सेन्सरचे आकडे वर घेतो आणि आपली चांगली प्रत पुसतो. चूक दाखवणारा दिवा लागत नाही, कारण नियमाप्रमाणे काहीच चुकलेलं नाही. दुसऱ्या मशीनवरून काढून आणलेल्या सेन्सरवर, तिथे कोणी मास्टरशिवाय बटणं फिरवली असतील, तर हाच प्रकार होऊ शकतो.

म्हणून स्पेअर कोराच हवा. वापरलेला असेल तर आधी त्याला कारखान्याच्या स्थितीत न्यावं. मेनूत यासाठी बहुधा `rES` असतं. दुसरा उपाय मास्टरच्या बाजूने आहे. पोर्टला 'प्रत घे आणि परत लिही' किंवा 'फक्त परत लिही' असे दोन पर्याय देता येतात. मशीन उभं करताना पहिला ठेवावा, आकडे पक्के झाले की दुसरा. मग कोणी कसाही सेन्सर आणला तरी प्रत बदलत नाही. याची किंमत एवढीच की नंतर मुद्दाम केलेला बदलही पुढच्या वीज-बंदीला पुसला जातो, त्यासाठी पर्याय तात्पुरता मागे फिरवावा लागतो. ज्या फिक्श्चरचा आकडा वर्षानुवर्षं बदलत नाही तिथे मी दुसराच पर्याय निवडेन. उत्पादन बदललं की रोज आकडे बदलणाऱ्या लाइनवर तो डोकेदुखी होईल. तिथे पीएलसीनेच रेसिपीप्रमाणे आकडे लिहावेत आणि मास्टरच्या प्रतीवर विसंबू नये.

प्रेशर सेन्सरला आकडे पुरतात. अंतर मोजणाऱ्या किंवा प्रकाशाने वस्तू ओळखणाऱ्या सेन्सरचं तसं नाही. त्यांची सीमा अनेकदा जागेवर शिकवून ठरवलेली असते. प्रत तो आकडा आणते, पण नवा सेन्सर ब्रॅकेटवर दोन अंशांनी तिरका बसला तर तो आकडा त्या जागेचा राहत नाही. तिथे परत लिहून झाल्यावरही एक जॉब समोर धरून बघणं भाग आहे.

मास्टर स्वतः जळाला तर आठही पोर्टच्या प्रती त्याच्यासोबत जातात. नवा मास्टर रिकामा असतो. त्याला पोर्टची मांडणी पीएलसीकडून मिळाली तरी साठवलेले पॅरामीटर मिळतीलच असं नाही. ते मास्टरवर आणि प्रोजेक्ट कसा बनवला आहे त्यावर अवलंबून असतं. निदान या वेळी सेन्सर चांगले असतात, त्यामुळे रिकामा मास्टर त्यांच्याकडून आकडे वाचून नवी प्रत तयार करू शकतो. मास्टर आणि सेन्सर एकदमच गेले, जसं विजेच्या मोठ्या झटक्यात होतं, तर उरतो फक्त इंजिनिअरच्या संगणकातला प्रोजेक्ट आणि पॅनलच्या दारावरचा तो कागद. तो काढून टाकायची घाई कोणी करू नये.