मावशी कोण, हे आपल्याला ठाऊक असतं

'मोरूची मावशी' हे नाटक तुमच्यापैकी पुष्कळजणींनी पाहिलं असेल. मावशीच्या वेशातले विजय चव्हाण आठवले तरी हसू येतं. पण पुरुषाने बाईचा वेश घेतला एवढ्यावर माणसं दोन-अडीच तास हसत नाहीत. मग हसतात कशाला? आज तेच बघूया.

आचार्य अत्र्यांनी हे नाटक 'चार्लीज आंट' या इंग्रजी नाटकावरून मराठीत आणलं. मूळ नाटक ब्रँडन टॉमस यांचं, 1892 सालचं. त्याची गोष्ट अशी. चार्ली आणि जॅक या दोन कॉलेजच्या मुलांना दोन मुली आवडतात. त्यांना जेवायला बोलवायचंय, पण त्या काळी घरात कोणी मोठी बाई असल्याशिवाय मुली येणार कशा? चार्लीची श्रीमंत विधवा मावशी ब्राझीलहून येणार असते. चार्लीने तिला कधी पाहिलेलंही नसतं. ऐनवेळी तार येते की मावशी एवढ्यात येत नाही. तेवढ्यात त्यांचा एक मित्र नाटकासाठी म्हातारीचा पोशाख घालून बघत असतो. झालं! त्यालाच मावशी करून उभं करतात.

ही सगळी तयारी आपल्या डोळ्यांसमोर होते, हे महत्त्वाचं. गुपित आपल्याला आधी कळतं, मुलींना आणि त्यांच्या वडीलधाऱ्यांना कळत नाही. यालाच अभ्यासक 'नाट्यात्म उपरोध' म्हणतात. प्रेक्षकाला पात्रापेक्षा जास्त माहीत असणं, एवढाच त्याचा अर्थ.

समजा, हे गुपित शेवटी फोडलं असतं, तर आपण एकदाच चकित झालो असतो. आधी सांगितल्यामुळे प्रत्येक साधं वाक्य दुहेरी होतं. मुलींचे पालक स्पेटिग हे पैशाच्या लोभाने त्या मावशीला लग्नाची मागणी घालतात. ते अगदी मनापासून बोलत असतात. त्यात विनोदी शब्द एकही नसला तरी आपण हसतो, कारण समोर कोण बसलंय ते आपल्याला ठाऊक असतं.

मग खरी मावशी येते. आपल्या नावाने कोणीतरी आधीच बसलंय हे बघून ती स्वतःचं नाव लपवते. आता खोटी मावशी तिच्यापुढे थापा मारते आणि ती खोदून खोदून विचारते. फसवणाराच फसतो. एका गुपितावर दुसरं गुपित चढलं, आणि दोन्ही आपल्याला माहीत!

पण असं प्रत्येक गुपित हसवत नाही. हे आम्ही आमच्या गटाच्या नाटुकलीत शिकलो. त्यात एक एजंट बाईला कर्जाच्या कागदावर अंगठा द्यायला सांगतो. तोंडाने दहा हजार वाचतो. कागदावर त्याने पन्नास हजार लिहिलेत, हे प्रेक्षकांनी आधीच पाहिलेलं असतं. आम्हाला वाटलं, बाया हसतील. पण पुढची रांग गप्प झाली. एक आजी तर ओरडल्या, "अगं, अंगठा नको देऊ!"

त्यांचं बरोबर होतं. गुपित आम्ही नीट सांगितलं होतं. पण ज्या बाईला ते ठाऊक नव्हतं, तिचंच घर बुडणार होतं. तिथे हसू कुठून येणार? तिथे जीव खालीवर होतो. त्या रांगेतल्या कितीतरी जणींनी असे अंगठे दिलेलेही असतील.

मग आम्ही एकच गोष्ट बदलली. पहिल्या प्रवेशात ती बाई नातीकडून आकडे वाचायला शिकते. एजंटाला हे माहीत नसतं. तो ऐटीत "दहा हजार" वाचतो. ती म्हणते, "दादा, मला कमी ऐकू येतं, परत वाचा की." तो पुन्हा दहाच वाचतो. तिसऱ्यांदा त्याने वाचायला तोंड उघडलं आणि अख्खा मंडप हसायला लागला. कागद तोच, खोटंही तेच. फक्त अज्ञान लुबाडणाऱ्याच्या पदरात गेलं. स्पेटिगवरही आपण हसतो ते याचसाठी. त्याचा लोभच त्याला फसवत असतो.

तुम्ही नाटुकली बसवणार असाल तर दोन गोष्टी सांभाळा. गुपित पहिल्याच प्रवेशात, मागच्या रांगेला ऐकू जाईल असं सांगा. नुसतं बोलून भागत नाही, काहीतरी दाखवा. आम्ही नातीची पाटी दाखवली होती. दुसरं म्हणजे, एजंट झालेल्या बाईने स्वतः हसू नये. तालमीत आमची हसायची, आणि लगेच सगळा खेळ पडायचा. ती हसली की तिलाही गुपित कळलंय असं दिसतं. मग प्रेक्षकांकडे तिच्यापेक्षा जास्त काही उरत नाही.

आता पुढच्या वेळी नाटक बघताना हसू आलं, की क्षणभर बघा: कोणाला काय ठाऊक नाही, आणि त्याचं नुकसान कोणाला होणार आहे?