झोपेतून उठवणारी गुदद्वाराची कळ: स्नायूचा गोळा की गळू?

शौचाच्या जागेचं दुखणं वस्तीत कुणी मोकळेपणी सांगत नाही. सांगितलंच, तर समोरचा लगेच ‘मूळव्याध असेल’ म्हणतो आणि लोकलच्या डब्यात चिकटवलेल्या जाहिरातीवरचा नंबर हातात देतो. पण त्या जागेचं प्रत्येक दुखणं मूळव्याध नसतं. रात्री झोपेतून उठवणाऱ्या एका कळेबद्दल आम्ही आज लिहीत आहोत.

समजा, वटारचे एक रिक्षावाले दादा, वय अडतीस. रात्री दोनला गुदद्वाराच्या आत सुरा खुपसल्यासारखी कळ येते. घाम फुटतो, बसवत नाही, उभंही राहवत नाही. आठ-दहा मिनिटांत कळ जशी आली तशी निघून जाते. सकाळी शौचाला त्रास नाही, रक्त नाही, सूज नाही, ताप नाही. दादा दिवसभर रिक्षा चालवतात. मग दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तेच.

हा स्नायूचा गोळा. रात्री पोटरीत गोळा येतो, तसाच गुदद्वाराभोवतीचे स्नायू अचानक आवळले जातात. डॉक्टर याला ‘प्रोक्टॅल्जिया फ्युगॅक्स’ म्हणतात, म्हणजे पळून जाणारी गुदद्वाराची कळ. ती काही सेकंद ते काही मिनिटं टिकते, अर्ध्या तासाच्या पुढे जात नाही, आणि दोन झटक्यांच्या मध्ये माणूस अगदी ठणठणीत असतो. बऱ्याच जणांना वर्षातून चार-पाच वेळाच येते. मानसिक ताण असताना, बद्धकोष्ठ झाल्यावर, तर काहींना संभोगानंतर येते. यातून कॅन्सर होत नाही.

कळ आली की कोमट पाण्याच्या टबात किंवा मोठ्या घमेल्यात बसा. पाणी आधी कोपराने तपासा. मधुमेहात कातडी बधिर असेल तर भाजलेलं कळत नाही. पाणी नसेल तर गुडघे पोटाशी घेऊन कुशीवर पडा आणि सावकाश श्वास घ्या. काहींना कळेत चक्कर येते, म्हणून अंधारात घाईने संडासाकडे धावू नका. वेदनेची गोळी असर करेपर्यंत कळ गेलेली असते, त्यामुळे गोळ्यांवर गोळ्या घेण्यात अर्थ नाही. झटके वारंवार येत असतील तर डॉक्टर स्नायू सैल करणारं मलम देतात.

आता दुसरं उदाहरण. समजा, पन्नाशीच्या एक ताई, साखरेचा आजार आहे. सोमवारी त्या जागी नुसतं ठणकतं. मंगळवारी खोकलं तरी कळ जाते. बुधवारी बसवत नाही, रात्रभर झोप नाही, अंगात कणकण. इथे दुखणं येऊन जात नाही. ते थांबतच नाही आणि दर दिवशी वाढतं. हे गळू. गुदद्वाराच्या आत बारीक ग्रंथी असतात. त्यातली एखादी तुंबते, जंतू वाढतात आणि पू साठतो. गळू खोल असेल तर बाहेरून काहीच दिसत नाही, म्हणून ‘सूज नाही, मग गळू नाही’ असं समजू नका.

साठलेला पू नुसत्या अँटिबायोटिकने जात नाही. सर्जनने चिरा देऊन तो बाहेर काढावा लागतो. घरी पिळणं, सुईने फोडणं, लेप लावून आठवडा काढणं यात पू आत पसरतो. मधुमेहात तो जिवावर बेततो. पू काढल्यावरही काहींना पुढे भगंदर होतं, म्हणून जखम भरेपर्यंत दाखवत राहावं.

आणखी दोन दुखणी ओळखावीत. शौचाच्या वेळी काच कापल्यासारखं होतं, नंतर तासन् तास आग होते, कागदावर किंवा पाण्यात लाल रक्त दिसतं, ती चीर, म्हणजे फिशर. अचानक निळसर, कडक, दुखरी गाठ हाताला लागते, ती रक्त गोठलेली मूळव्याध. ती पहिले दोन-तीन दिवस फार दुखते.

म्हणून कळ आली की घड्याळ बघा. अर्ध्या तासाच्या आत पूर्ण गेली आणि नंतर काहीच राहिलं नाही, तर गोळा असण्याची शक्यता जास्त. तरी पहिल्यांदा आली असेल तर सवडीने एकदा डॉक्टरांना दाखवून घ्या. सतत ठणकतंय, ताप आहे, सूज किंवा पू आहे, लघवी अडली आहे, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. मधुमेह असेल तर रात्रीही थांबू नका. शौचातून रक्त जाणं, वजन उतरणं, शौचाची सवय बदलणं, यांचीही तपासणी हवी.

डॉक्टर बोटाने आतून तपासतील. गळू असेल तर ते फार दुखतं, तसं आधीच सांगा. बायांनो, स्त्री डॉक्टर मागा. नसेल तर तपासणीच्या वेळी नर्सला शेजारी उभं राहायला सांगा. तो तुमचा हक्क आहे. आणि नुसतं ‘खाली दुखतंय’ म्हणू नका. कधी सुरू झालं, किती मिनिटं टिकलं, मध्ये पूर्ण थांबलं का, ही तीन उत्तरं दिलीत की डॉक्टरांचं अर्धं काम होतं.