आजींची मालिका, नातवंडांचं कुलूप आणि केबलचं बिल

स्मार्ट टीव्ही घरी आला की महिन्याभरात विषय निघतोच: आता केबल कशाला? सांगलीसारख्या शहरातलं एक कुटुंब डोळ्यांसमोर आणू. आजी-आजोबा, मुलगा-सून, सातवीतला नातू, तिसरीतली नात आणि दिवाणखान्यात एकच टीव्ही. आजींना संध्याकाळी झी मराठी आणि स्टार प्रवाहच्या मालिका हव्यात, आजोबांना बातम्या. मुलांना आपल्या वेळेला कार्टून आणि सिनेमे.

केबल काढली, तर या दोन चॅनलसाठी दोन वेगळी ॲप लागतात. झी मराठीच्या मालिका झी5वर असतात, स्टार प्रवाहच्या जिओहॉटस्टारवर. शिवाय ब्रॉडबँड हवं. त्यामुळे बचतीचा हिशेब मांडण्याआधी केबलचं बिल उलगडून पाहावं.

या बिलात दोन भाग असतात. पहिला नेटवर्क शुल्काचा. ट्रायच्या 2020च्या नियमानुसार 200 साध्या चॅनलपर्यंत हे शुल्क जास्तीत जास्त 130 रुपये होतं. जुलै 2024मध्ये ट्रायने ही मर्यादा काढली, त्यामुळे आपल्या ऑपरेटरचा आकडा विचारून घ्यावा. दुसरा भाग पे चॅनलचा. बहुतेक घरांत ऑपरेटरने लावून दिलेलं पॅक चालू असतं आणि त्यातली कितीतरी चॅनल कुणी कधी लावतही नाही. प्रत्येक पे चॅनल सुटं घेण्याचा हक्क ग्राहकाला आहे. नेटवर्क शुल्क 130 रुपये आणि प्रत्येकी 19 रुपयांची तीन चॅनल धरली, तर होतात 187. त्यावर 18 टक्के जीएसटी लावला की सुमारे 221 रुपये. मोफत चॅनल त्याच शुल्कात येतात. एचडी चॅनल निवडलं तर त्याची किंमत वेगळी असते, हे लक्षात ठेवावं.

माझं मत स्पष्ट आहे: आजींसाठी हे छाटलेलं केबल ठेवावं. त्यांना चॅनलचा नंबर तोंडपाठ असतो, तो दाबला की मालिका सुरू. ॲप मात्र कधीतरी आपोआप लॉगआउट होतं, मग ओटीपी जातो मुलाच्या फोनवर आणि मुलगा असतो ऑफिसात. तोवर मालिका संपलेली असते. भाग नंतर पाहता येतो हे खरं. पण साडेसातला बसायचं, शेजारणीशी दुसऱ्या दिवशी त्यावर बोलायचं, हे त्यांच्या दिवसाचं अंग आहे. त्याला हात लावू नये.

दोन्ही ठेवलं की एक अडचण हमखास येते. नातू ॲप पाहून उठतो आणि टीव्ही ॲपवरच राहतो. आजी बॉक्सचा रिमोट दाबत राहतात, पडद्यावर काहीच बदलत नाही आणि केबलवाल्याला फोन जातो. केबल ठीक असते; टीव्हीच्या रिमोटवरचं ‘सोर्स’ बटण दाबून बॉक्स जोडलेलं HDMI निवडायचं असतं. त्या बटणावर रंगीत टिकली चिकटवून आजींकडून दोन-चारदा करवून घ्यावं. काही टीव्हींमध्ये सुरू होताच ठरलेलं इनपुट लागेल अशी सोय असते, ती सेटिंगमध्ये शोधावी.

आता मुलांकडे वळू. ‘ए’ प्रमाणपत्राचा सिनेमा केबलवरच्या चॅनलला दाखवता येत नाही. ॲपवरच्या मालिका-चित्रपटांना मात्र वयाची वर्गवारी कंपनी स्वतःच देते. 2021च्या नियमांनुसार यू, यू/ए 7+, 13+, 16+ आणि ए असे गट आहेत आणि 13+पासून पुढे पालकांना कुलूप लावण्याची सोय देणं कंपनीवर बंधनकारक आहे. सोय असली, तरी कुलूप लावायचं पालकांनीच. इथे नेमकी चूक होते. आई-बाबा मुलांसाठी ‘किड्स’ प्रोफाइल बनवतात आणि निर्धास्त होतात. मूल त्यातून बाहेर येऊन बाबांच्या प्रोफाइलवर टिचकी मारतं, तिथे सगळं खुलं असतं. म्हणून पिन मोठ्यांच्या प्रोफाइलला लावावा, आणि तो बाबांची जन्मतारीख नसावा. पाहिलेल्या कार्यक्रमांच्या यादीत आपण न लावलेलं काही दिसलं, तर पिन फुटला असं समजावं. एका ॲपचं कुलूप दुसऱ्याला लागू होत नाही. त्याच टीव्हीवरच्या यूट्यूबची व्यवस्था वेगळी करावी लागते.

ॲपचं वर्गणीचं प्लॅन घेताना ते टीव्हीवर चालतं का, हे आधी वाचावं. स्वस्त प्लॅन कित्येकदा फक्त मोबाइलपुरतं असतं. वार्षिक वर्गणीत सूट दिसते, पण परीक्षेच्या काळात ॲप बंदच ठेवायचं असेल, तर मासिक वर्गणी परवडते. सुट्टी लागली की सुरू करावं आणि शाळा उघडताना ऑटोपे रद्द करावं. नुसतं ॲप टीव्हीवरून काढून टाकलं, तर पैसे कापले जातच राहतात. बँकेकडून 24 तास आधी येणारा कपातीचा संदेश त्यासाठी वाचायचा.