वर्गणी नेमकी कोणाकडे बंद करायची?

मोबाइलमधून अ‍ॅप काढून टाकले, तरी दरमहा पैसे कापले जातात, ही तक्रार शिक्षक मित्रांकडून आम्ही वरचेवर ऐकतो. असे का होते?

वर्तमानपत्राचे उदाहरण घेऊ. अंक छापते कचेरी, पण तो टाकतो आणि बिल घेतो विक्रेता. अंक बंद करायचा तर विक्रेत्यालाच सांगावे लागते. फोनवरून घेतलेल्या वर्गणीचेही तसेच असते. पैसे घेते अ‍ॅपचे दुकान, म्हणजे गुगल प्ले किंवा अ‍ॅपलचे अ‍ॅप स्टोअर. ते आपला वाटा ठेवून उरलेले पैसे सेवा देणाऱ्याला देते. आपल्या कार्डाचा तपशील सेवेच्या कंपनीपर्यंत पोहोचतच नाही. म्हणून तिच्या संकेतस्थळावर वर्गणी बंद करण्याचे बटण शोधून बहुधा सापडत नाही.

समजा, एका बाईंनी ५ तारखेला प्रश्नमंजुषेचे एक अ‍ॅप सात दिवस मोफत म्हणून घेतले. १२ तारखेला १९९ रुपये कापले गेले. त्यांनी अ‍ॅप काढून टाकले. पुढच्या १२ तारखेला पुन्हा १९९ गेले! अ‍ॅप काढल्याने फोनमधली जागा तेवढी मोकळी होते. दुकानातली नोंद तशीच राहते.

आता काय करायचे? आधी पावतीचा ईमेल शोधायचा. त्यावरचा क्रमांक GPA ने सुरू होत असेल, तर बिल गुगल प्लेचे. मग प्ले स्टोअर उघडून वर कोपऱ्यातल्या आपल्या चित्रावर बोट ठेवायचे, Payments & subscriptions मध्ये Subscriptions उघडायचे, अ‍ॅप निवडून Cancel subscription दाबायचे. यादी रिकामी दिसली, तर फोनवर दुसरे गुगल खाते आहे का ते पाहा. घरातल्या सामाईक फोनवर हा घोटाळा हमखास होतो. पावती ज्या पत्त्यावर आली, त्याच खात्यात वर्गणी सापडेल.

वर्गणी बंद केली म्हणजे गेलेले पैसे परत आले, असे मात्र नाही. त्यासाठी वेगळी मागणी करावी लागते. पैसे कापल्यापासून ४८ तासांच्या आत गुगल प्लेकडेच अर्ज करावा. तो मंजूर होईलच असे नाही. त्यानंतर मात्र अ‍ॅप बनवणाऱ्याला पावतीचा क्रमांक देऊन लिहावे, कारण परतावा देण्याची सोय त्याच्याकडेही असते. म्हणजे आमच्या उदाहरणातल्या बाईंनी १३ तारखेला हालचाल केली, तर दुसऱ्या १९९ रुपयांसाठी गुगलकडे अर्ज करता येईल. पहिल्या १९९ साठी अ‍ॅपवाल्यालाच विनंती करावी लागेल.

आयफोनवर Settings मध्ये सर्वांत वरच्या आपल्या नावावर गेले, की Subscriptions दिसते. परताव्याचा अर्ज reportaproblem.apple.com येथे अ‍ॅपलकडेच करायचा. तिथली मोफत मुदत संपण्याच्या किमान २४ तास आधी वर्गणी बंद करावी. शेवटच्या दिवसापर्यंत थांबणाऱ्याचे पैसे कापले जाऊ शकतात.