बोळा चावल्यानंतरचे चोवीस तास

दाढ काढून झाली की दातांच्या दवाखान्यात हातात एक छापील कागद मिळतो. त्यावर थुंकू नका, चुळा भरू नका, गरम खाऊ नका अशा सूचनांची रांग असते. कारणे बहुधा नसतात, त्यामुळे घरी पोहोचेपर्यंत निम्म्या सूचना विसरल्या जातात. खरे तर जवळजवळ सगळ्या सूचना एकाच गोष्टीच्या रक्षणासाठी आहेत: दाढेच्या रिकाम्या खोबणीत धरणारी रक्ताची गुठळी. ही गुठळी उघड्या हाडावरचे झाकण असते आणि पुढे तिच्याच आधाराने नवे मांस भरून येते. पहिल्या दिवशी ती ओली आणि सैल असते.

समजा, खालची दाढ सकाळी 11 वाजता काढली. डॉक्टर जखमेवर जाळीदार कापडाचा बोळा ठेवून तो घट्ट चावून धरायला सांगतात. साधारण अर्धा ते पाऊण तास बोळा हलवायचा नाही. रक्त थांबले का, हे पाहण्यासाठी दर पाच मिनिटांनी तो उचलला, तर धरू लागलेली गुठळी त्याच्याबरोबर उचकटून येते. बोळा काढल्यावरही लाळ काही तास लालसर दिसते. थेंबभर रक्त तोंडभर लाळेत मिसळले की फार वाटते, आणि तिथेच माणूस घाबरून पचापचा थुंकू लागतो. थुंकताना किंवा स्ट्रॉने पिताना तोंडात ओढ निर्माण होते आणि गुठळी निसटू शकते. म्हणून लाळ गिळावी. चोवीस तास चूळ भरायची नाही, तेही याच कारणाने.

दुपारी दोन-तीनपर्यंत ओठ आणि जीभ बधिर असतात. या वेळेत गरम चहा घेतला तर चटका कळत नाही आणि जेवताना गालाचा लचका तोडला जातो. लहान मुले तर गंमत म्हणून सुन्न ओठ चावत बसतात, त्यांच्यावर नजर हवी. दुखण्यावरची लिहून दिलेली गोळी भूल उतरण्याआधी घेतलेली बरी. ॲस्पिरिन मात्र मनाने घेऊ नये, त्याने रक्त गोठणे मंदावते. पण हृदयविकारासाठी रोज घ्यायची रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच्या मनाने बंद करणे त्याहून धोक्याचे. ती चालू असल्याचे दात काढण्याआधीच सांगायला हवे.

भुलीच्या इंजेक्शनात बहुतेक वेळा ॲड्रेनलिन असते. ते रक्तवाहिन्या आकसून धरते. त्याचा असर ओसरला की त्या पुन्हा सैलावतात, आणि दुपारी कोरडी दिसलेली जखम संध्याकाळी पाझरू लागते. अशा वेळी आडवे न होता ताठ बसावे, स्वच्छ जाळीदार कापडाची घडी नेमकी खोबणीवर ठेवावी आणि घड्याळ लावून वीस ते तीस मिनिटे सलग चावून धरावी. तरीही धार थांबली नाही किंवा तोंड रक्ताने भरत राहिले, तर सकाळची वाट न पाहता डॉक्टरांना गाठावे.

सुजेसाठी बर्फ फडक्यात गुंडाळून गालाला बाहेरून दहा-पंधरा मिनिटे लावावा, मग तेवढाच वेळ थांबावे. जेवायला दहीभात किंवा निवलेली मऊ खिचडी, दुसऱ्या बाजूने चावून. चिवडा, पापड, तीळ नकोत, त्यांचे कण खोबणीत अडकतात. आइस्क्रीम चालते, चमच्याने. बाकीचे दात हलक्या हाताने घासावेत, जखमेजवळ ब्रश नेऊ नये. रात्री एक उशी जास्त घ्यावी.

सगळ्यात अवघड जाते ते तंबाखू सोडणे. सिगारेटचा झुरका ओढ निर्माण करतो आणि निकोटिन जखमेचा रक्तपुरवठा कमी करते. मिश्रीची सवय असलेल्यांना हिरडी दुखली की बोटभर मिश्री फिरवावीशी वाटते, पण ते बोट थेट गुठळीवरच जाते. लवंगेचे तेल खोबणीत ओतण्याचा घरगुती उपायही इथे नको.

गुठळी निसटली की हाड उघडे पडते. याला ‘ड्राय सॉकेट’ म्हणतात आणि खालच्या दाढांना त्याचा धोका अधिक. साधी वेदना दिवसागणिक उतरते. ही मात्र दोन-तीन दिवसांनी वाढते, कानापर्यंत ठणकते आणि तोंडाला दुर्गंधी येते. मग खोबण धुऊन त्यात औषधी पट्टी भरावी लागते. गुठळीवर दिसणारा पांढरट-पिवळसर थर मात्र बहुधा पू नसतो, तो भरून येण्याचाच भाग असतो. तो खरवडू नये.

दुसऱ्या दिवशी सकाळी 11 नंतर पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून तोंड धुवायला हरकत नाही. पाणी खळखळवायचे नाही. मान हळूच कलती करून जखमेवर खेळवायचे आणि बेसिनमध्ये आपोआप गळू द्यायचे.