पाच शब्दांची बातमी रशियनमध्ये नेताना

‘मॅन हेल्ड ओव्हर बँक रेड.’ इंग्रजी मथळ्यात हे पाच शब्द पुरतात. ‘हेल्ड’च्या आधीचे सहायक क्रियापद गळालेले असते, तरी ‘माणसाला पकडले’ हे वाचकाला कळते.

रशियनमध्ये असे सुटे शब्द ओळीने मांडून भागत नाही. ‘बँक’ आणि ‘रेड’ यांचे नाते विभक्तीने किंवा शब्दयोगी अव्ययाने उघड करावेच लागते. म्हणून मथळा लांबतो: ‘व् स्व्याज़ी स् नल्योतम ना बांक ज़ादेर्झान मुश्चीना’, म्हणजे बँकेवरील हल्ल्याच्या संदर्भात पुरुष ताब्यात. ही लांबी योग्यच आहे, कारण वाढले ते व्याकरण. बातमीतला दावा तेवढाच राहिला.

खरी फसगत होते ती शब्द निवडताना. ‘हेल्ड’साठी ‘अरेस्तोवान’ म्हणजे ‘अटक’ लिहिले, तर न्यायालयाचा आदेश झाल्याचे सूचित होते. रशियन राज्यघटनेच्या कलम 22 नुसार त्या आदेशाविना 48 तासांपेक्षा जास्त काळ कोणाला ताब्यात ठेवता येत नाही. ‘रेड’साठी ‘रेइद’ हा सारखा वाटणारा शब्द घेतला, तर वाचकाला पोलिसांची धाड दिसेल. ‘अग्रब्लेनिये’ने लूट पार पडल्याचे ध्वनित होते, मथळा तसे म्हणत नाही. आणि ‘ओव्हर’च्या जागी ‘बँक लुटल्याबद्दल’ म्हटले, तर संशयित थेट गुन्हेगार ठरतो. ही चूक सर्वांत गंभीर.

तपासणी सोपी आहे: रशियन मथळा परत इंग्रजीत आणावा. मुळात नसलेली माहिती त्यात दिसली, तर तो मथळा बदलावा.